लहान मुलांचा खोकला आणि कपाटातली बाटली

२०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया आणि आसपासच्या गावांमध्ये, लहान मुलांना सर्दी-ताप-खोकला झाला. त्या दिवसांत घरोघरी होतो तसाच. आईवडिलांनी डॉक्टरांना दाखवलं, खोकल्याचं पातळ औषध मिळालं, दोन-चार दिवस ते पोटात गेलं. आणि मग काही मुलांची लघवी कमी होत होत बंदच झाली. उलट्या सुरू झाल्या, मुलं मलूल पडली. छिंदवाड्याच्या माणसाला मोठं रुग्णालय म्हटलं की नागपूर आठवतं, त्यामुळे अनेक मुलं नागपुरात आली, डायलिसिसवर गेली. त्यातली बरीचशी घरी परतलीच नाहीत.

सुरुवातीला संशय पाण्यावर गेला, डासांवर गेला, उंदरांमुळे होणाऱ्या तापावर गेला. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासल्यावर मात्र विषबाधेच्या खुणा दिसल्या आणि घराघरांतल्या औषधाच्या बाटल्या गोळा होऊ लागल्या. नाव समोर आलं कोल्ड्रिफ, तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्मास्युटिकल्स या कंपनीचं सिरप. २ ऑक्टोबरला तमिळनाडूच्या औषध तपासणी प्रयोगशाळेचा अहवाल आला. एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के होतं. हे रसायन औषधात जास्तीत जास्त ०.१ टक्का चालतं, म्हणजे हजारात एक भाग. इथे जवळजवळ अर्धी बाटली विषाची होती. वीसहून अधिक मुलं गेली, आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती.

हे विष बाटलीत येतं कसं, तेही समजून घ्यायला हवं. पॅरासिटामॉलसारखी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून सिरपमध्ये प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिन असा गोडसर, दाट द्रव वापरतात. औषधासाठी लागणारा शुद्ध द्रव महाग पडतो, कारखान्यांसाठीचा स्वस्त. स्वस्त मालात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं असू शकतं. ते रंगहीन, गोडसर आणि तितकंच दाट असतं, त्यामुळे डोळ्याला किंवा जिभेला फरक कळत नाही. कळतो तो प्रयोगशाळेत, आणि म्हणून कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटची तपासणी ही उत्पादकाची कायदेशीर जबाबदारी आहे. मुंबईला हा धडा पूर्वीच मिळालेला आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तानमधली मुलं भारतात बनलेल्या सिरपांमुळे दगावली, तेव्हाही मूळ हेच होतं.

कारखान्यात काय घडलं, निरीक्षक कुठे होते, यावर पुष्कळ लिहून आलं आणि ते यायलाच हवं होतं. पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळा आहे. ती बाटली अगदी शुद्ध असती, तरी त्या वयाच्या मुलांना ती द्यायला हवी होती का?

उत्तर नाही असं आहे, आणि ते त्या घटनेच्या आधीपासून माहीत होतं. कोल्ड्रिफमध्ये तीन औषधं होती: पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन. यातल्या शेवटच्या दोघांची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याची सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिलेली होती. छिंदवाड्यानंतर, ३ ऑक्टोबर २०२५ ला, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा स्पष्ट केलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देण्यासारखी नाहीत. अमेरिकेत या बाटल्यांवर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं लिहिलेलं असतं, ब्रिटनने ही रेषा सहा वर्षांवर आखलेली आहे.

असं का, ते बाटलीमागचं लेबल वाचलं की लक्षात येतं. आपल्याकडच्या एखाद्या साध्या बाटलीवर बारीक अक्षरात दोन-तीन नावं सापडतात. क्लोरफेनिरामाइन हे अ‍ॅलर्जीवरचं जुनं औषध. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर त्याचा लहान मुलांना उपयोग होत नाही, पण त्याने झोप येते आणि शेंबूड-कफ सुकून चिकट होतो. मूल गाढ झोपलं की घरात सगळ्यांना वाटतं, औषध लागू पडलं. खरं तर मुलाला गुंगी आलेली असते, आणि काही मुलं तर याच औषधाने उलट चिडचिडी होतात, रात्रभर झोपत नाहीत. फेनिलेफ्रिन नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं असतं, पण तोंडाने घेतल्यावर ते मोठ्या माणसांचंही नाक मोकळं करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ साली काढला. छातीची धडधड मात्र ते वाढवू शकतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं. मात्रा थोडी जास्त झाली की लहान मूल पेंगतं, श्वास मंदावतो. कोडीन तर बारा वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, कारण काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर फार वेगाने होतं आणि श्वास थांबण्यापर्यंत वेळ येते.

दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत कफ सुटावा म्हणून अ‍ॅम्ब्रॉक्सॉल, ग्वाइफेनेसिन आणि सोबत साल्ब्युटामॉल असतं. साल्ब्युटामॉल हे दम्यासाठी, श्वासनलिका आवळल्या असतील तर उपयोगी पडणारं औषध. साध्या सर्दीच्या खोकल्यात त्याने हात थरथरतात, मूल बेचैन होतं, एवढंच. ‘अडुळशाचं आहे, त्याने काय होणार’ असं म्हणून दिल्या जाणाऱ्या बाटल्यांचंही लेबल वाचावं. त्यातल्या काहींमध्ये मध असतो, आणि मधाचं काय ते पुढे येतंच आहे.

खोकला दाबणं हेच मुळात लहान मुलाच्या बाबतीत चुकीचं उद्दिष्ट आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला नाक शिंकरता येत नाही, कफ थुंकता येत नाही. त्याची श्वासनलिका अरुंद असते. शेंबूड घशात उतरतो, छातीत कफ साठतो, आणि तो वर आणण्याचं त्याच्याकडे एकच साधन आहे, खोकला. तो दाबला तर कफ आतच राहतो. आणि हा खोकला लवकर जातही नाही. विषाणूजन्य सर्दीत ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण खोकला दहा-पंधरा दिवस सहज टिकतो, काही मुलांना तीन आठवडेही लागतात. आईवडिलांना हे कोणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, खोकला जोरात असताना, पहिली बाटली येते. आठवडाभराने डॉक्टर बदलतात, दुसरी बाटली येते. तोवर आजार आपल्या गतीने ओसरत आलेला असतो, त्यामुळे श्रेय दुसऱ्या बाटलीला मिळतं आणि ती कपाटात जपून ठेवली जाते, पुढच्या वेळेसाठी, धाकट्या भावंडासाठी किंवा शेजारच्या बाळासाठी.

त्या कपाटातून आणखी एक धोका निघतो, तो मोजमापाचा. समजा दहा किलो वजनाचं मूल आहे. तापासाठी त्याला पॅरासिटामॉल साधारण १५० मिलिग्रॅम लागतं, किलोला १५ या हिशेबाने. बाजारात पॅरासिटामॉलचे थेंब मिळतात ते एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अशा तीव्रतेचे, म्हणजे या मुलाला दीड मिलिलिटर पुरे. सिरप मिळतं ते पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असं. मागच्या वेळी १२५ च्या सिरपचा एक चमचा दिला होता, एवढंच लक्षात राहतं, आणि या वेळी घरात थेंबांची बाटली असते. तोच एक चमचा, पाच मिलिलिटर, थेंबांच्या बाटलीतून भरला तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात, हव्या त्या मात्रेच्या तिप्पटीहून जास्त. त्यात सर्दीच्या बाटलीतही पॅरासिटामॉल असेल तर तापाचं आणि सर्दीचं, दोन्ही मिळून मात्रा दुप्पट होते आणि ते घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. हे वारंवार घडलं तर यकृताला इजा होते. म्हणून तापाचं औषध द्यायचं तर ते एकट्या पॅरासिटामॉलचं असावं, मात्रा डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेली असावी, आणि मोजायला बाटलीसोबत आलेली पिचकारी किंवा मापाचं झाकणच घ्यावं. घरातला चमचा कधी तीन मिलिलिटरचा असतो, कधी सातचा.

मग बाळाला द्यायचं काय? इथे आजी लगेच मधाची बाटली काढते, आणि एका अटीवर आजीचं बरोबर आहे. मुलाचं एक वर्ष पूर्ण झालेलं असावं.

वर्षावरच्या मुलांमध्ये मधाचा रात्रीच्या खोकल्याला थोडा, पण खरा उपयोग होतो, हे तपासलं गेलं आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मुलांना झोपण्यापूर्वी मध दिला, काहींना मधाच्याच चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काहींना काहीच नाही. मध घेतलेल्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची रात्र सगळ्यात बरी गेली. इस्रायलमध्ये २०१२ साली एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर झालेल्या अभ्यासातही झोपण्याच्या अर्धा तास आधी दिलेल्या दहा ग्रॅम मधाचा फायदा दिसला. मध घशावर एक पातळ थर धरतो, लाळ सुटते, खवखव कमी होते. आजार त्याने आटोपत नाही, पण झोप लागते. अर्धा ते एक चमचा मध झोपण्याआधी, तसाच किंवा कोमट पाण्यात, आणि त्यानंतर दात पुसून घेणं, एवढं पुरतं. सुंठ, मिरी, पिंपळी घालून चाटण तिखट करण्याची लहान मुलाला गरज नसते, ठसका लागण्याची भीती मात्र असते.

वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही लावू नये. आपल्याकडे नवजात बाळाला सोनं-मध चाटवण्याची रीत आहे, गुटी मधात उगाळतात, औषधाची पूड मधातून देतात. ‘आम्ही सगळी अशीच वाढलो’ हे वाक्य त्यानंतर हमखास येतं, आणि सासूबाईंना नाही म्हणणं सोपं नसतं. म्हणून कारण नीट माहीत असावं. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे सुप्त बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून राहणारे जीवाणू त्यांना रुजू देत नाहीत. पहिल्या वर्षात ती वस्ती तयार झालेली नसते, त्यामुळे बाळाच्या आतड्यात हे बीजाणू रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष बनवतात. प्रत्येक मधात ते असतातच असं नाही, आणि मध चाटवलेल्या बहुतेक बाळांना काही होतही नाही. पण कोणत्या बाटलीत आहेत ते घरी कळत नाही, आणि ज्या बाळाला होतं त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागू शकतं.

या आजाराची सुरुवात फसवी असते. बाळाला आधी बद्धकोष्ठ होतं. मग ते नेहमीसारखं जोराने दूध ओढत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या राहतात, मान पुन्हा डुगडुगू लागते, उचललं तर अंग सैल लागतं. ताप बहुतेक वेळा नसतोच. अशा बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावं आणि मध चाटवला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. मध उकळून घेतला, रानातून ताजा आणला, पोळ्यातून स्वतः पिळून काढला, याने काहीच फरक पडत नाही. घरच्या आचेवर हे बीजाणू मरत नाहीत, त्यांना मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते.

वाफ घरातली असली की तिचा धोका निराळा. मूल मांडीवर, समोर उकळत्या पाण्याचं पातेलं, दोघांवर मिळून एक टॉवेल. आत अंधार, चेहऱ्याला चटका, मूल घाबरून लाथ मारतं आणि पातेलं मांडीवर उलटं होतं. मुलाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत खोलवर भाजतं, आणि हे पाणी तर नुकतंच गॅसवरून उतरवलेलं असतं. पोट, मांड्या, जननेंद्रियं भाजतात, कातडं लावावं लागतं, वण राहतात. २०२० च्या वसंतात, करोनाच्या भीतीने घरोघरी वाफ सुरू झाली तेव्हा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयाने अशा भाजलेल्या मुलांचं प्रमाण तीसपट वाढल्याचं नोंदवलं. एरवी तिथे वर्षाला दोन मुलं येत, ती महिन्यात सहा आली.

एवढा धोका पत्करून मिळतं काय? गरम वाफेने सर्दी लवकर बरी होते असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. विषाणू त्याने मरत नाही, छातीतला कफ वितळत नाही. थोडा वेळ नाकाला मोकळं वाटतं, आणि दोन वर्षांच्या मुलाला तर तेही नीट घेता येत नाही, कारण ते रडत असतं. लहान मुलांना वाफ देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विजेवर चालणारं वाफेचं यंत्रही याला अपवाद नाही. दवाखान्यात नेब्युलायझरमधून मास्क लावून देतात त्यालाही आपण ‘वाफ’ म्हणतो, पण ती उष्ण नसते. त्यात औषधाचे किंवा मिठाच्या पाण्याचे सूक्ष्म तुषार असतात आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच ते द्यायचे असतात.

वाफेच्या पाण्यात घातला जाणारा कापूर आणि निलगिरीचं तेल यांचंही तसंच. कापूर लहान मुलाच्या पोटात अगदी थोडा गेला तरी झटके येऊ शकतात, निलगिरीच्या तेलानेही तेच होतं. कापूर, मेंथॉल असलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाला किंवा छातीला चोळू नये. दुपट्याला बांधलेली कापराची पुरचुंडी सुटून तोंडात जाते, तीही नको. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा-लसूण टाकून धुरी देण्याची पद्धत अजून खेड्यांत आणि शहरांतही टिकून आहे. खोकणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेला धूर हा धूरच, मग तो ओव्याचा असो की विडीचा. नाकात तेल किंवा तूप सोडू नये, ते फुप्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनियासारखी सूज आणतं.

खरी मदत साधी असते. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, नाकात घालायचे थेंब मिळतात. दूध पाजण्यापूर्वी आणि झोपण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, मग सैल झालेला शेंबूड मऊ कापडाने पुसणं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरचं दूध थोडं थोडं, पण वारंवार. मोठ्या मुलाला कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज. ताप असेल आणि मूल अस्वस्थ असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. यातलं काहीच बाटलीसारखं ‘औषध’ वाटत नाही, आणि डॉक्टरांवर दबाव येतो तो इथेच. तपासणी करून ‘औषधाची गरज नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरची फी वाया गेली असं आपल्याला वाटतं, म्हणून तोही कागदावर काहीतरी लिहून देतो. आपणच ‘सिरप नको असेल तर चालेल, फक्त छाती तपासा’ असं म्हटलं तर पुष्कळ डॉक्टरांना हायसं वाटेल.

घरी थांबायचं की निघायचं, हे ठरवायला खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वास जास्त उपयोगी पडतो. मूल झोपलेलं किंवा शांत असताना अंगावरचा कपडा वर करावा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजावं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका, आणि त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल, प्यायलेलं सगळं उलटत असेल, झटके येत असतील, हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, तर रात्र असली तरी निघावं. घरात दिलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, सोबत घ्याव्यात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी वाट पाहूच नये. मूल अगदी छान खेळत असताना, काही खाता खाता अचानक खोकू लागलं तर शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत गेल्याची शंका धरावी, खोकला पुढे थांबला तरीही. आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, वजन वाढत नसलं किंवा घरात कोणाला टीबी असला, तर तिसरी बाटली आणण्याऐवजी टीबीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.